मेहुण्याचा कापूस

परळीच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस तोलणाऱ्याची जागा निघाली होती. जुन्या मॅनेजरचे शिफारसपत्र शुक्रवारपर्यंत पोचले तरच अर्ज धरणार होते. माझे जुने मॅनेजरसाहेब नोकरी सोडून नेकनूरला शेती पाहत होते. त्यांना त्रास नको म्हणून मी मसुदा लिहूनच नेला. पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा सोबत होता. जागा कसली आणि मुदत कधीची, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले होते.

साहेब काहीतरी खोडल्याशिवाय कशावरही सही करत नसत. म्हणून एक वाक्य मी खास खोडण्यासाठीच घातले होते: 'असा माणूस साऱ्या निजामी मुलखात नाही.'

साहेबांनी ते खोडले, पण हात थांबला नाही. 'इमानदार' गेले, मग 'मेहनती' गेले.

“साहेब, तेवढं राहू द्या की.”

“कावून? हे तर मी पळून गेलेल्या मुकादमालाबी लिहून दिलतं.”

मग त्यांनी स्वतः लिहिले: 'मालकाच्या मेहुण्याने वजन वाढावे म्हणून पाणी मारलेला कापूस आणला. यांनी तो काट्यावर घेतला नाही. मी सांगूनही घेतला नाही.' खाली सही केली.

नोकरी गेलीच असे समजून मी लिफाफा टपालात टाकला. आठवड्याने बोलावणे आले.

नव्या मॅनेजरांनी पत्र पुढ्यात ठेवले होते. “आमच्या मालकांचे मेहुणे सोमवारी माल आणतात,” ते म्हणाले. “तुमी काट्यावर बसा. मी त्या दिवशी कपिलधारला दर्शनाला जाणार हाय.”