जीनच्या पत्त्यावरचं पार्सल

आमच्या गल्लीला तेव्हा धड नाव नव्हतं आणि घराला नंबर तर नव्हताच. त्यामुळे आमचं सगळं टपाल दादाच्या जीनच्या पत्त्यावर यायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अमरावतीत एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसाच्या जीनमध्ये, तो मुनीम होता. वडील गेल्यावर घर त्याच्याच पगारावर चाललेलं. मी प्राथमिक शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते, पण माझा पगार म्हणजे दुधापुरता.

त्या उन्हाळ्यात दादा आमच्या मागच्या खोलीत झोपून होता. लोकांना आम्ही सांगायचो, पित्त झालंय. खरं म्हणजे त्याला क्षय झाला होता. हा शब्द आई घरातसुद्धा उच्चारू द्यायची नाही. जीनच्या मालकाच्या कानावर गेलं असतं तर दादाची नोकरी त्याच दिवशी गेली असती. टीबीच्या माणसाला गादीवर मांडीला मांडी लावून कोण बसू देणार? हंगाम संपून जीन बंद झालं होतं, तेवढीच काय ती देवाची कृपा. नव्या हंगामाआधी दादा उभा राहिला पाहिजे, एवढाच आमचा जप होता.

औषध होतं स्ट्रेप्टोमायसिनचं. अमरावतीतल्या दुकानांत ते कधी मिळे, कधी नाही. म्हणून मुंबईचा मामा रजिस्टर पार्सलने बाटल्या पाठवायचा. कंपाउंडर संध्याकाळी मागच्या दाराने येऊन टोचून जायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "खंड पडू देऊ नका. मध्येच थांबलं तर पुढे हेच औषध लागू पडायचं नाही." हे वाक्य मी आईला सांगितलं नाही. मी एकटीच ते पोटात घेऊन फिरत होते.

मामाचं पत्र आलं की पार्सल टाकलंय, त्यात रजिस्टरचा नंबरही होता. पत्र आलं पण पार्सल येईना. घरातल्या बाटल्या संपत आल्या. आईचा जीव टांगणीला. तिचा पहिला संशय शेजारच्या काकूंवर. "तिच्याचकडं असीन पाय! आपला कागद दिसला का उचलतेच ते!" आई म्हणाली आणि मी रोखायच्या आत काकूंच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"कायचं पार्सल वं?" काकूंनी सूप खाली ठेवलं.

आई माझ्याकडे पाहू लागली. मीच म्हटलं, "धोतरं आहेत. मामानं पाठवलीत."

"धोतरं! बाप्पा, धोतरासाठी एवढी दवंडी? मी काय तुया भावाचं धोतर नेसू?"

काकू खरं बोलत होत्या, त्यांच्याकडे काही नव्हतं. आम्ही खाली माना घालून परत आलो. खरं काय ते सांगता आलं असतं तर त्या बाईने अर्धी गल्ली पालथी घातली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. राग आला तो सगळा मी आईवर काढला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. खिडकीतल्या बाबूने नंबर पाहिला. म्हणाला, "तक्रार पाठवणाऱ्यानं करायची, जिथून टाकलं तिथून, पावती दाखवून. तिकडून कागद इकडे येईल. वेळ लागेल."

"वेळच नाही हो! तुम्ही नुसतं एवढं सांगा, पार्सल वाटलं की नाही?"

माझा आवाज चढलेला पाहून तो उठला. आत जाऊन वाटपाची नोंद पाहून आला. "वाटलं आहे. सहीच्या जागी अंगठा आहे."

अंगठा! आमच्या घरात अंगठा उठवणारं कोणीच नव्हतं. "पार्सलात होतं काय? विमा उतरवला होता का?" त्याने विचारलं. "पुस्तकं," मी म्हटलं. काल धोतरं होती, आज पुस्तकं झाली.

आमच्या भागाचा पोस्टमन फेरीवरून परत येईपर्यंत मी पोस्टाच्या पायरीवर बसून राहिले. मला पाहताच त्याला सगळं आठवलं. "जीनच्या चौकीदाराले देल्लं ना, ताई. मुनीमजी नोयते. कायद्यानं मी वापस न्याले पाह्यजे होतं, चिठ्ठी ठेवून. पन चौकीदार रोजचा मानूस, अन् वरून ऊन हे असं." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "लेखी नका देऊ, ताई. माही नोकरी जाईन."

लेखी देऊन मला काय मिळणार होतं? मी तशीच जीनवर गेले.

फाटकावर चौकीदार होता, पण भलताच. दात कोरत बसलेला. "तो गेला गावाले. मी बदलीवाला हाओ. पार्सल-बिर्सल मले कोनं सांगतलं नाई." चौकीदाराची खोली उघडीच होती. मी त्याला न विचारता आत शिरले. खाट, रांजण, एक फाटकी गोणी. पार्सल नव्हतं. "ओ बाई, घुसून काहून राह्यल्या?" तो ओरडला. मीही ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण शाळेतल्या मुलांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मालकाच्या बंगल्यावर जाऊन विचारलं असतं तर गावाचं नाव कळलं असतं. पण मालकाने पहिला प्रश्न हाच केला असता की मुनीमजींचं असं काय आलंय, आणि मुनीमजी स्वतः का आले नाहीत. म्हणून मी फाटकासमोरच्या चहावाल्याकडे गेले. तो म्हणाला, "हिवरखेडचा हाय तो, अकोल्याकडचा. निरोप आला अन् हातातला चहा ठेवून पयाला. एक खोकं होतं बगलेत."

एक खोकं होतं बगलेत! माझ्या डोळ्यांपुढे नको ते सगळं उभं राहिलं. बाटल्या विकल्या असतील. फोडल्या असतील. पोराबाळांनी खेळायला घेतल्या असतील. त्या संध्याकाळी कंपाउंडरने शेवटची बाटली टोचली आणि रिकामी बाटली हलवून माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मामानं या वेळी उशीर केला वाटतं." मी म्हटलं, "येईल." दादाला मी काहीच सांगितलं नव्हतं.

पहाटे निघाले. बडनेऱ्याहून गाडीने अकोला, अकोल्याहून मोटरने अकोट, तिथून दुसरी मोटर हिवरखेडला. वैशाखातलं ऊन, मोटरीत बिड्यांचा धूर, आणि मी मनातल्या मनात त्या चौकीदाराला शिव्या देत होते. एक नाही, दोन नाही, सगळ्या रस्त्याला पुरतील एवढ्या. चोर मेला, विश्वासघातकी मेला. अकोटला उतरून पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू केलं.

हिवरखेडला विचारत विचारत त्याच्या घरी पोचले. कुडाचं घर, सारवलेली ओसरी, भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर. तो ओसरीत बसला होता. दादाचा डबा द्यायला मी कधीमधी जीनवर जायचे, त्यावरून मला ओळखून तो धडपडत उठला. "मास्तरीणबाई! तुमी? बसा, बसा."

"बसायला नाही आले! आमचं पार्सल कुठंय?"

तो आत गेला आणि खोकं घेऊन बाहेर आला. कापडात गुंडाळलेलं, आमच्या मामाच्या हातची शिवण, लाखेची मोहर जशीच्या तशी. मी ते छातीशी धरलं आणि सगळ्या रस्त्याच्या शिव्या विसरले. रडूच आलं मला.

"तुमचं घर म्हाईत नाई मले," तो म्हणाला. "बदलीवाल्यापाशी ठेवलं असतं तर त्यानं फोडून पाह्यलं असतं. त्याचा हात चांगला नाई. मालकाच्या घरी देल्लं तर तिथंबी फोडतेच. म्हनलं, मुनीमजीची अमानत हाय, आपल्याच हातानं देऊ. दोन दिसांत वापस येतो म्हनलं, पन इथंच अटकलो. बदलीवाल्याले सांगून गेलतो मी, कोनी आलं तर सांगजो म्हनून."

म्हणजे त्या दात कोरणाऱ्याला सगळं ठाऊक होतं! मी दात-ओठ खाल्ले. पण हा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता. मी पदराने डोळे पुसले.

"एवढ्या लांब आल्या तुमी, उन्हातानाच्या," तो म्हणाला. "हाय तरी काय त्याच्यात?"

धोतरं. पुस्तकं. इतके दिवस तोंडात तयार असलेलं काहीच मला बोलता येईना. "औषध आहे," मी म्हटलं. "दादाला क्षय झालाय." घराबाहेर हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

त्याने आतल्या अंधाराकडे वळून पाहिलं. आत कोणीतरी खोकलं. तो खोकला मला ओळखीचा होता. आमच्या मागच्या खोलीतला होता.

"मुनीमजीले बी?" त्याने विचारलं.

त्याची बायको होती आत. तिच्यासाठीच निरोप आला होता. त्यानेही जीनवर कोणाला सांगितलं नव्हतं. नुसता ताप आहे, असं सांगायचा. "सांगतलं तर फाटकावर कोन ठेवते मले?" ती झोपली होती त्या खाटेखालीच ते खोकं इतके दिवस होतं.

मला काय करावं सुचेना. थोड्या बाटल्या काढून द्याव्यात? डॉक्टरांचं वाक्य आठवलं. अर्धं तिला, अर्धं दादाला, म्हणजे दोघांचाही खेळखंडोबा. मी खोकं आणखी घट्ट धरलं. हे मला कळलं, आणि त्यालाही दिसलं.

"निंगा, बाई," तो म्हणाला. "मोटर सुटून जाईन." आणि माझ्यापुढे धावत गेला, हात वर करून मोटर थांबवायला.

रात्री कंपाउंडरला बोलावून आणलं. दादाने बाही वर केली आणि विचारलं, "होतं कुठं?" मी सगळं सांगितलं. चौकीदाराच्या बायकोचंही.

त्याने दंड मागे घेतला. "मग तिला कोण देतंय?"

"कोणी नाही."

"आधी टोचून घे रे बाबू तू," आई म्हणाली. त्याने टोचून घेतलं, पण भिंतीकडे तोंड करून.

सकाळी त्याने मला कार्ड लिहायला बसवलं. बायकोला घेऊन ताबडतोब ये, डॉक्टर आपले आहेत, कोणाला कळणार नाही, असं लिही म्हणाला. मी पत्ता लिहायला घेतला आणि थांबले. चौकीदाराला वाचता येत नव्हतं. कार्ड गावात कोणातरी भलत्याच्या हाती पडणार, तो ते ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

मी कार्ड फाडलं, पदर खोचला आणि परत बडनेऱ्याची वाट धरली. चौकीदाराला हे तोंडानेच सांगायला हवं होतं.