शून्याची ओळ

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं असं बायकोचं मत आहे. ते चूक आहे. पाऊण खोटं असतं. पण त्या सकाळचं जे सांगणार आहे त्यात मीठ-मसाला घालायची माझी छाती नाही.

मालवणात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या घराच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. कुडाळच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे एक्सेल मला असं येतं की संगणकाने माझ्याकडून शिकावं. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पुण्याच्या त्या बाईंनी फोनवर बुकिंग करताना विचारलं, “काका, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबिटीस आहे. ती जेवते त्यात कार्ब किती ते मोजून आम्ही इन्सुलिन देतो. तुमच्या पदार्थांचं काही सांगता येईल का?” मी छाती फुगवून म्हटलं, “ताई, कार्बच काय, प्रथिनं, फॅट, कॅलरी सगळं ग्रॅममध्ये देतो. या तुम्ही!”

फोन ठेवला आणि कट्टा गावच्या बाजारातून डिजिटल काटा आणला.

मग शीट बांधली. पहिल्या रकान्यात जिन्नस, दुसऱ्यात वजन, पुढच्या चारांत शंभर ग्रॅममागे कॅलरी, प्रथिनं, फॅट, कार्ब. पुढे प्रत्येकाला फॉर्म्युला: वजन गुणिले शंभरामागचा आकडा, भागिले शंभर. खाली बेरीज. त्याखाली बेरजेला जिन्नसांच्या एकूण वजनाने भागून शंभरने गुणायचं, म्हणजे तयार पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये किती ते निघतं. शेवटी ताटाचं वजन टाकलं की ताटाचा हिशेब हजर. शिवाय एक पडताळा: कार्ब आणि प्रथिनांना चारने, फॅटला नवाने गुणून कॅलरीशी ताडून बघायचं. दोन्ही आकडे जवळपास आले. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, खांदा दोन दिवस दुखत होता.

त्यांच्या पहिल्या सकाळी नाश्त्याला शिरवाळे होते. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गोळे उकडायचे, गरम असतानाच लाकडी साच्यातून शेवया पाडायच्या आणि नारळाच्या रसात खायच्या. बायको चुलीजवळून वजनं सांगत होती, मी लॅपटॉपवर. पीठ पाचशे, तेल दहा, मीठ पाच, पाणी साडेसहाशे. पाण्याच्या ओळीत सगळीकडे शून्य दिसायला लागलं. शून्य, शून्य, शून्य, शून्य. इतक्या देखण्या शीटवर दात पडल्यासारखं दिसत होतं. मी ती ओळ उडवली.

“अवो, पाणी खंय गेला?” बायकोने मागून वाकून विचारलं.

“पाण्यात काय आसा गो? ना कॅलरी, ना कार्ब. उगाच जागा अडवता.”

“काय नसला तरी मी घातलंय मां ता?”

“तू गोळे बघ. एक्सेल माझ्यार सोड.”

रस वेगळा केला, मुलीसाठी गुळाशिवाय. त्याचे चार ग्रॅम कार्ब. तिच्या ताटात एकशे वीस ग्रॅम शिरवाळे मोजले, वजन शीटमध्ये टाकलं. उत्तर आलं त्र्याण्णव. रसाचे चार धरून सत्त्याण्णव. कागदावर लिहून पडवीत नेऊन दिलं.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “सत्त्याण्णव? एवढ्याशा ताटात?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी गप्प बसलो तर समुद्र आटेल अशी माझी समजूत आहे. म्हटलं, “ताई, तांदळाचं पीठ आहे ते, दाबून भरलेलं. आणि हा माझा अंदाज नाही, फॉर्म्युला आहे. शीट कधी चुकत नाही.”

“मी शिरवाळे कधी पाहिलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोजलंय म्हणताय तर…” त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि पुटपुटत हिशेब केला. “बारा ग्रॅम कार्बला एक युनिट इन्सुलिन. म्हणजे आठ.”

मी स्वयंपाकघरात परतलो तो पुढच्या बढाईच्या तयारीला. बाकीच्या आठ ताटांवरही चिठ्ठ्या लावायच्या, पाहुण्यांनी फोटो काढायचे, गावभर नाव! सगळी ताटं साधारण एकशे वीस ग्रॅमचीच होती. नऊ ताटं गुणिले त्र्याण्णव. आठशे सदतीस.

मी तो आकडा पुन्हा बघितला.

पिठाची पिशवी समोर होती. पाचशे ग्रॅम पीठ. शंभरामागे ऐंशी कार्ब, म्हणजे अख्ख्या घमेल्यात चारशे. चारशेचे आठशे सदतीस कुठून झाले? माझ्या थापासुद्धा इतक्या फुगत नाहीत.

“किती भरले गो सगळे?”

“नऊ ताटां, आणि ह्या उरला वीसभर ग्रॅम. अकराशे झाले. कित्याक?”

अकराशे. आणि माझी शीट भागत होती पाचशे पंधराने. पाण्यात काही नव्हतं, फक्त वजन होतं, आणि तेच मी उडवलं होतं. पडताळा आजही जुळला होता, कारण तो जिन्नसांची बेरीज तपासत होता, भागाकार नाही.

मी धावलो. स्वयंपाकघर ते पडवी बारा पावलं असतील, मला ती कुडाळपर्यंत लांब वाटली. उंबऱ्याला अंगठा आपटला. बाईंच्या हातात इन्सुलिनचं पेन होतं, मुलीने फ्रॉक पोटावरून वर धरला होता.

“थांबा! ताई, थांबा! निम्मं आहे! निम्म्याहूनही कमी!”

त्या थांबल्या. सुई कातडीपासून बोटभर लांब होती.

मी धापा टाकत सांगितलं. पाणी धरलं नाही. चारशे भागिले अकराशे, शंभरामागे छत्तीस. ताटात त्रेचाळीस-चव्वेचाळीस, रसाचे चार, अठ्ठेचाळीस. सगळे पाहुणे ऐकत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी ऐकू नये असं वाटत होतं.

हिशेब बाईंनी माझ्या तोंडून घेतला नाही. आत आल्या, लॅपटॉप स्वतःकडे फिरवला, पाण्याची ओळ परत घातली. मग म्हणाल्या, “हेही पुरं नाही. वाफ जाते, गोळे पाणी पितात. शेवटी तयार झालेलं वजन करायचं आणि त्यानेच भागायचं.” भागाकाराच्या जागी त्यांनी स्वतः अकराशे टाइप केलं. बाहेर जाऊन पेनचा आकडा आठवरून चारवर आणला आणि टोचलं.

“जास्त दिलं असतं तर?” बायकोने हळूच विचारलं.

“साखर घसरली असती, मावशी. खूप.”

पुढचे दोन तास मी पडवीतून हललो नाही. मुलगी शिरवाळे खाऊन माडाखाली खेळत होती. दंडावरच्या सेन्सरने मोजलेला साखरेचा आकडा आईच्या फोनवर दिसायचा आणि दर पाच मिनिटांनी बदलायचा. मी फोनकडे बघायचो, बाई माझ्याकडे. एकशे एकतीस. एकशे साठ. एकशे एकोणऐंशी. तिथून तो उतरायला लागला. दोन तासांनी एकशे अठ्ठावन्नवर आला आणि बाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

“बरोबर बसलं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “ताई, चुकलं माझं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला गप्प केलं.”

“हो. केलंत.” त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. “उद्या नाश्त्याला काय आहे?”

“आंबोळ्या.”

“वजन मी करीन. तुम्ही फक्त टाइप करा. आणि मी विचारलं की उत्तर द्यायच्या आधी बघा.”

“बघतो,” मी म्हटलं. बायको दारातून म्हणाली, “ह्या कागदार लिवन घेवा, ताई. सही घेवा तेंची.”

बाईंनी खरंच कागद पुढे केला. मी सही केली.