उत्तमरावांचे दोन पंप

भाजीपाला पिकवणारे उत्तमराव भडकले. ऑनलाइन मागवलेला नामी कंपनीचा फवारणी पंप पहिल्याच दिवशी पाठीवर गळला. "नकली माल खपवून राहिले लेकाचे!"

त्यांच्या लेकीनं, आचलनं, ॲपवर तक्रार केली, बिल नि फोटो जोडले, पैसे परत मागितले. उत्तर आलं, माल नकली असल्याचं कंपनीच्या सेवा केंद्राचं पत्र लागेल. अस्सल पंप कसा असतो ते दाखवायला उत्तमराव त्याच नावाचा घरचा जुना पंपही घेऊन अकोटहून अकोल्याला गेले. तिथं पत्र मिळालं आणि ते ॲपवर जोडल्यावर पैसेही मंजूर झाले.

बनावट पंप परत न्यायला माणूस आला, तेव्हा उत्तमराव जुन्या पंपाकडे टक लावून बसले होते.

"आता काय झालं, बाबा?"

"तो केंद्रवाला म्हने, हाही नकलीच हाय. मंग इतकी वर्सं यानं अस्सल काम काहून केलं वं?"