बहिरू मुकादमाची दोन वेळा झालेली मोजणी

जुन्नर नगरपालिकेच्या सफाई खात्यात बहिरू लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि मुकादम झाला तेव्हा मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. मधल्या वर्षांत त्यानं गावातल्या प्रत्येक गटाराशी ओळख करून घेतली. सकाळी सहाला सायकलवर फेरी सुरू. कुठं कुंडी भरली, कुठं कोणी शिळा भात रस्त्यावर टाकला, सगळं त्याच्या नजरेत. मग तो दारासमोर उभा राहून हाळी द्यायचा, "ओ वहिनी, कुत्र्यांना जेवाय बोलावलंय का? टाका म्हणावं कुंडीत!" वहिनी दार लावून घ्यायच्या. बहिरूच्या तोंडी कोण लागणार?

त्याचं एकच दुखणं होतं. मटणाच्या दुकानांमागची सिमेंटची कुंडी. तिथली घाण ट्रॅक्टर चार-चार दिवसांनी उचलायचा. आतडी, पिसं, खानावळीचं खरकटं, आणि त्यावर ताव मारणारी कुत्री. माणसं चावून घ्यायची आणि नगरपालिकेला शिव्या घालायची. बहिरू दरवर्षी सांगायचा की ती कुंडी रोज उचला, कुत्री आपोआप कमी दिसतील. दरवर्षी एक सदस्य उठून म्हणायचे, "कुंडीचा काय संबंध? कुत्री पकडून लांब सोडा." शेवटी मुख्याधिकारी वैतागून म्हणाले, "बहिरू, पंचवीस तारखेच्या सभेत मला कागदावर काहीतरी दाखव. नुसत्या तोंडच्या गोष्टींवर मी ट्रॅक्टरची फेरी वाढवू शकत नाही." कागद म्हटलं की बहिरूला घाम फुटायचा.

त्याच महिन्यात, म्हणजे दोन हजार चारच्या जानेवारीत, ओतूरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रतीक्षा मॅडम नगरपालिकेत आल्या. गावातली कुत्री आणि कचरा उचलण्याची पद्धत यांचा संबंध त्यांना शोधनिबंधात मांडायचा होता. आधी आराखडा पुण्याच्या मार्गदर्शकांना द्यायचा, ते हो म्हणाले तर पुढं जुन्नर, ओतूर आणि मंचर अशी तिन्ही गावं मोजायची. आराखड्याला आधार म्हणून जुन्नरचे दोन भाग नमुन्यादाखल मोजायचे होते. एक मटणाच्या दुकानांमागचा, दुसरा बँकेजवळचा, जिथली कुंडी रोज रिकामी व्हायची. बहिरूला वाटलं, देवच पावला. "मॅडम, मी हाय ना संगती. एकबी कुत्रं चुकायचं न्हाई."

तीन सकाळी दोघं फिरले. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. आधी दुकानांमागचा भाग, मग बँकेचा. मॅडम प्रत्येक कुत्र्याचा रंग, कान, शेपूट, नर की मादी असं टिपून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बेरीज झाली आणि मॅडमचा चेहरा पडला. दुकानांमागं सरासरी सव्वीस, बँकेजवळ चोवीस. "मुकादम, फरकच नाही हो. कचऱ्यामुळे कुत्री वाढतात हे माझं गृहीतक इथंच कोसळलं."

बहिरूचंही तेच कोसळलं होतं. हा कागद साहेबांपुढं गेला की सदस्य जन्मभर हसणार, आणि ती कुंडी तशीच कुजत राहणार. तो घरी जाऊन न जेवता बसला. त्याच्या बायकोनं, जानकाबाईनं, विचारलं, "काय झालं? आन उद्या कोटाचा खिसा भरू नका, आज दोन भाकरी जास्त गेल्यात. पीठ काय फुकाट येतंय?" बहिरू एकदम ताठ बसला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत त्यानं मॅडमना दोन्ही भागांच्या याद्या वाचायला लावल्या. पहिल्या यादीत काळा नर, उजवा कान फाटलेला. दुसऱ्या यादीत काळा नर, उजवा कान फाटलेला. पहिल्या यादीत मागचा पाय उचलून चालणारी तांबडी मादी. दुसरीतही तीच. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

"म्हणजे कुत्री दोन्हीकडे फिरतात?"

बहिरूनं खाली बघितलं. आता बोललं तर गावभर फजिती, आणि नाही बोललं तर कुंडी कायमची. त्यानं खिशात हात घातला आणि भाकरीचे तुकडे टेबलावर ठेवले. "मॅडम, ती कुंडीमागं फिरत न्हाईत. माझ्यामागं फिरत्यात. मी रोज बँकेपाशी त्यांना तुकडा घालतो, ह्या तीन दिवसांतबी तुमी गेल्यावर घातला. माझ्या फेरीचा रस्ता त्यांना पाठ हाय. आपण सायकलीनं वळून जाईस्तोवर ती बोळातनं आधीच बँकेपाशी येऊन बसत्यात."

मॅडमनी एकदा तुकड्यांकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. अख्ख्या गावाला शिळं टाकू नका म्हणून दरडावणारा हा माणूस! मग त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे कारकूनही वळून बघायला लागले. बहिरूचे कान लाल झाले. पण हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मुकादम, हे तुम्ही लपवलं असतं तर मी चुकीचाच आराखडा दिला असता."

पुन्हा मोजणी ठरली. या वेळी एक बदल होता. मोजणीआधीचे चार दिवस आणि मोजणीचे तीन दिवस बहिरूनं फेरी घालायची नाही. फेरी दुसऱ्यानं बघितली, मोजणी मॅडमनी एकट्यानं केली आणि बहिरू घरात येरझाऱ्या घालत राहिला. जानकाबाई म्हणाली, "मी लगीन करून आले तवापासून तुमी सकाळी घरात पयल्यांदाच दिसताय. चहा घ्या गप." दारात फाटक्या कानाचं काळं कुत्रं येऊन बसलं होतं. बहिरूनं त्याच्याकडे पाठ केली. जीव तुटत होता त्याचा.

दुकानांमागं सरासरी एकोणतीस. बँकेजवळ सात.

मॅडमनी आराखडा नव्यानं लिहिला. प्रश्न काय, मोजणी कशी, कुंड्या किती आणि किती दिवसांनी उचलतात, मटणाची दुकानं, खानावळी आणि लग्नाची कार्यालयं किती. गावाच्या कडेला बिबट्या कुत्री उचलतो, तोही हिशेबात धरायचा. दोन भागांवरून एवढंच म्हणता येतं की संबंध दिसतो, सिद्ध झालेला नाही, हेही लिहिलं. आणि मर्यादांच्या खाली एक नवी ओळ होती. हातानं खाऊ घालणाऱ्या माणसांची स्वतंत्र नोंद हवी.

सभेत मुख्याधिकाऱ्यांनी तो आराखडा वाचला. त्याच सदस्यांनी पुन्हा कुत्री पकडून लांब सोडायची सूचना मांडली. साहेब म्हणाले, "तसं कायद्यात बसत नाही. नसबंदी आणि लस करून जिथून आणली तिथंच सोडावी लागतात. पशुवैद्यकांना पत्र जाईल. आणि ट्रॅक्टर उद्यापासून रोज जाईल." इतक्या वर्षांची मागणी दोन मिनिटांत मंजूर झाली.

बाहेर आल्यावर मॅडमनी अभिनंदन केलं, तर बहिरू म्हणाला, "मॅडम, मी जिंकलो. पर उद्यापासनं ती एकोणतीस खाणार काय?"

"पुढची पिल्लं कमी होतील, मुकादम. आहेत त्यांचा प्रश्न खरा आहे." मॅडमनी आराखड्याचं शेवटचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं की कुंडीपासून लांब, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं खाऊ घालावं आणि खाली काही उरू देऊ नये, म्हणजे नसबंदीसाठी कुत्री धरणंही सोपं जाईल. पुढं त्या माणसाच्या नावासाठी जागा कोरी होती.

बहिरूनं इकडं तिकडं बघितलं. कोणी सदस्य जवळ नाही याची खात्री केली. मग मॅडमचं पेन मागून घेतलं, पायरीवर बसला आणि हजेरीच्या वहीत नुसती सही मारणाऱ्या त्या माणसानं एकेक अक्षर नीट काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.