फ्यूजचा राजीनामा

त्याला सगळे फ्यूज म्हणत. हे नाव मालकानेच ठेवलेलं, तेही मालक अजून मालक झाला नव्हता तेव्हा. दोघं एकाच ठेकेदाराकडे भिंती फोडून वायरचे पाइप टाकायचे, एकाच शिडीवर आळीपाळीने चढायचे. मालक जिभेने मध, हा जिभेने मिरची. कुणी वेड्यासारखं काही बोललं की हा उडालाच, म्हणून फ्यूज. पुढे मालकाने पक्कड आपटून ती नोकरी सोडली, स्वतःचा ठेका उघडला आणि पहिला माणूस म्हणून याला ओढून नेलं. "तू हात, मी तोंड," असं ठरलं होतं.

तोंडाचं भलं झालं. हात होते तिथेच राहिले.

विजेच्या कामाचा ठेका घ्यायचा तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी परीक्षा पास झालेला एक पर्यवेक्षक पदरी लागतो. त्या परीक्षेत मालक दोनदा आपटला. फ्यूज पास झाला. त्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत मालकाच्या खुर्चीमागे लटकलेलं असायचं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, खुर्चीत बसलेल्याचंच आहे. मालकाने ते कधी नाकारलं नाही. फ्यूजचा रबरी शिक्काही मालकाच्याच खणात, "तू साइटवर असतोस, कागद इथे येतात" म्हणून.

सोलरचं खूळ फ्यूजच्या डोक्यात आधी शिरलं. पदरचे पैसे घालून तो शिकून आला, तेव्हा मालक हसला होता. "आता ऊन विकणार का तू?" पण शेजारच्या गल्लीत दोन गच्च्यांवर पॅनेल चढली, आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या पाटीवर सूर्य रंगवून घेतला. तेही फ्यूजला चाललं असतं. काम मिळालं ना, बस्स.

भडका उडाला तो बर्फाच्या कारखान्यावरून.

एका दुपारी बर्फवाल्याचा फोन आला. गच्चीवर जळका वास येतोय. फ्यूज धावला. गच्चीवर पोहोचला आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. उन्हात टिकणाऱ्या केबलऐवजी घरात बोर्डाला वापरतात ती साधी वायर पसरलेली होती, आणि तिचं वरचं आवरण एवढ्यातच तडकलं होतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत कोंबलेले होते. त्यातला एक वितळून काळा ठिक्कर. अर्थिंगची पट्टी अर्ध्या भिंतीपर्यंत उतरली होती आणि तिथेच लोंबकळत होती, जमिनीचं तोंड न बघता.

"हात लावू नका कुणी," तो ओरडला. खाली जाऊन त्याने आधी इन्व्हर्टरचा मेन ब्रेकर पाडला, मग पॅनेलकडून येणारा स्विच. पुन्हा वर येऊन पॅनेलवर ताडपत्र्या टाकायला लावल्या. चालू पॅनेलचा कनेक्टर तसाच खेचला तर अशी ठिणगी पडते की विझता विझत नाही. घरचं बटण बंद करता येतं, सूर्याला बटण नसतं.

"हे काम केलं कुणी?" त्याने विचारलं.

बर्फवाला बर्फाच्या धंद्यात राहूनही तापट माणूस. त्याने कपाटातून फाइल काढली आणि पुढे टाकली. "कुणी म्हणजे? तुम्हीच की!"

काम तपासून योग्य आढळलं, अशा दाखल्याखाली फ्यूजचा शिक्का होता. शिक्क्यावर वळणदार सही, जी त्याने जन्मात कधी केली नव्हती. ही गच्ची तो आज पहिल्यांदा पाहत होता.

घरी येऊन त्याने चार पानं खरडली. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर चिडलेल्या माणसांशी गाठ, त्यामुळे नवऱ्याच्या रागाचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. तिने पानं वाचली, एका शब्दाशी थबकली.

"हा शब्द असा लिहितात होय? मी कधी लिहिलेला पाहिला नव्हता."

"चेष्टा नको. जळतंय माझं."

"जळू द्या. पण राजीनाम्यात शिव्या घातल्या तर त्याला आयतं कारण सापडेल. 'माणूस भांडखोर, म्हणून काढला' म्हणेल. तुम्हाला नक्की हवंय काय ते सांगा."

"सुटका हवीय. सर्टिफिकेट हवंय, शिक्का हवाय. त्याच्या परवान्यावरून माझं नाव कमी झाल्याशिवाय मला स्वतःचा परवाना मिळणार नाही. एक पर्यवेक्षक दोन घरी नांदत नाही."

"मग एवढंच लिहा. कधीपासून सोडता, नोटिशीचा महिना कधी संपतो, काय परत हवं, आणि नाव कमी करायचं."

"आणि बर्फाचा कारखाना?"

तिला वाटलं होतं ते गाळावं. पण नवऱ्याचं तोंड बघून ती म्हणाली, "लिहा. 'ते काम मी पाहिलेलं नाही, त्यावरची सही माझी नाही.' एवढंच. ही शिवी नाही, झालं ते आहे."

चार पानांचं अर्धं पान झालं. फ्यूजला वाटलं, आपला राग कुणी धुऊन इस्त्री करून दिला. ते काही त्याला आवडलं नाही, पण सही त्याने केली. स्वतःची.

दुसऱ्या दिवशी मालकाने पत्र उभ्याउभ्या वाचलं. आधी हसला. "अरे वा, लेखक झालास!" मग शेवटच्या ओळींवर आला आणि दार लावून घेतलं.

"ही सहीची ओळ काढ."

"ती सही काढ, मग ओळ काढतो."

"अरे, सगळीकडे चालतं हे. तू साइटवर होतास, गिऱ्हाइकाला घाई होती. मी काय परक्याचा शिक्का मारला?"

"माझाच मारलास, तेच म्हणतोय मी! उद्या तिथे आग लागली असती तर पोलीस कुणाच्या दारात आले असते? तुझ्या?"

मालकाने सूर बदलला. खुर्ची पुढे ओढली. "बस. सोलरचं खातं तुझं. भागीदारी देतो. दारावर नाव लावू तुझं."

एवढ्या वर्षांत दारावर नाव लावायचं मालकाला सुचलं नव्हतं. आज सुचलं, कारण भिंतीवरचं नाव उतरणार होतं. फ्यूजला ते कळलं आणि थांबायचा उरलासुरला विचारही गेला. "नको."

"मग हा राजीनामा मी मंजूर करत नाही," म्हणून मालकाने पत्र फाडलं. मागे वळून चौकट उतरवली, खणात टाकली आणि किल्ली फिरवली.

"मंजुरी मागतंय कोण?" फ्यूज एवढ्या जोराने ओरडला की बाहेर हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "मी सांगायला आलोय, विचारायला नाही! तू पक्कड आपटून निघालास तेव्हा कुणाची मंजुरी घेतली होतीस रे?"

"तेव्हा माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं," मालक म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यालाच कळलं की आपण काय बोलून बसलो.

फ्यूजने तेच पत्र पुन्हा लिहिलं, पोहोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने मालकाला धाडलं आणि एक प्रत घेऊन परवाना कार्यालय गाठलं. तिथल्या कारकून बाईंनी त्याला आधी आवाज खाली आणायला सांगितलं.

"तुमच्या मालकावर ओरडायचं ते माझ्यावर कशाला?"

"तो दाद देत नाही."

"म्हणून मी? बसा." त्यांनी पत्र वाचलं आणि पुढचं सांगितलं. पोस्टाची पावती आणि नोटिशीचा महिना संपल्याचा अर्ज दिला की मालकाला विचारणा जाईल, दुसरा पर्यवेक्षक आणा म्हणून. तो मुदतीत आणला नाही तर परवाना थांबेल. प्रमाणपत्राच्या नकलेसाठी फ्यूजने अर्जात 'हरवले' असं लिहिलं होतं. त्यावर बाईंनी बोट ठेवलं. "हरवलं कुठे? खोटं लिहू नका. अडकवून ठेवलंय, तसं लिहा. आणि शिक्क्याची तक्रार वेगळ्या कागदावर द्या."

नोटिशीच्या महिन्यात मालकाने त्याला साइटवर पाठवलंच नाही. गोदामात बसवून भंगार तारांचं तांबं सोलायला लावलं. गिऱ्हाइकांना सांगितलं की माल चोरताना सापडला. हे फ्यूजच्या कानावर आलं तेव्हा तो सोलणी टेबलात रोवून उठला, मालकाच्या दारापर्यंत गेला, आणि बायकोचे शब्द आठवून परत फिरला. त्या दिवशी त्याने इतकं तांबं सोललं की बोटांना फोड आले.

त्यातच बर्फवाला घरी आला. दारातूनच सुरू झाला. "राजीनामे कसले देता? शिक्का तुमचा आहे! माझी पॅनेलं ताडपत्रीखाली झाकून ठेवलीत आणि बिल पूर्वीसारखं येतंय!"

"शिक्का माझा, काम माझं नाही!"

"मला काय करायचंय? मी शिक्का बघून पैसे दिले!"

शिक्का फ्यूजनेच मालकाच्या खणात राहू दिला होता, आळसाने म्हणा, भरवशाने म्हणा. बायको मध्ये आली. "अहो, दोघांना चावणारा कुत्रा एकच आहे. तुम्ही एकमेकांवर का भुंकता?"

बर्फवाला धुसफुसत बसला. शेवटी त्याने तक्रारीच्या कागदावर आपली सही केली. तपासणीस येऊन गच्ची पाहून गेला. मालकाला त्याने तंबी दिली, दंड केला. बस्स, तेवढंच. मालकाने मुदतीच्या आत दुसऱ्या गावचा निवृत्त पर्यवेक्षक कागदावर आणून बसवला आणि ठेका चालू ठेवला. फ्यूजची मात्र कागद फिरेस्तोवर पुरी कोंडी झाली. परवाना नाही म्हणून मीटर जोडणीचा अर्ज करता येत नव्हता, आणि त्यावाचून सोलरचं काम घेता येत नव्हतं. तो दुसऱ्यांच्या हाताखाली रोजावर गेला, बायकोच्या पगारावर घर चाललं, आणि घरात भांडी जरा जोरात आपटू लागली.

परवाना आला तेव्हा पहिलं काम बर्फवाल्याचंच मिळालं. पेढे नाहीत, कौतुक नाही. त्याने भाव पाडून मागितला, फ्यूजने पाडला नाही, तासभर वाद झाला. मग फ्यूजने सगळी वायर उपसून काढली, योग्य केबल टाकली, एकाच कंपनीचे कनेक्टर बसवले, आणि अर्थिंगची पट्टी थेट खड्ड्यात उतरवून मोजून पाहिली. फ्यूज नवा करून घेतलेला शिक्का मारत असताना बर्फवाला अगदी खांद्यावर येऊन उभा राहिला.

"सही करताना बघतो मी."

"बघा की. डोळे फाडून बघा."

आजही बाजारात मालक दिसला तर फ्यूज रस्ता बदलत नाही, उलट मुद्दाम समोरून जातो. मालक गोड हसून म्हणतो, "काय, कसं चाललंय?" फ्यूज तसाच पुढे जातो. लोक म्हणतात, आता सोड की, तुझं तर चांगलं झालं. त्यावर तो म्हणतो, "माझं चांगलं झालं ते माझ्यामुळे. त्याने केलं ते त्याच्या खात्यावर."

बायको म्हणते, "ह्यांचा राग जायचा नाही. मी आता त्याला घरातलाच एक माणूस धरलाय. ताट मात्र वाढत नाही."