डांबरमावशीचा वास

नाटक कंपनीच्या कपडेपटात पाऊल टाकलं की आधी वास यायचा आणि मग मावशी दिसायची. रंगमंचाच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, एका लांबोड्या खोलीत राजांचे झगे, सैनिकांचे कोट, राण्यांची मखमल आणि भिकाऱ्यांची लक्तरं यांचा संसार मांडलेला होता, आणि त्या संसाराची मालकीण म्हणजे मावशी. पेटीपेटीत, घडीघडीत, खिशाखिशात तिने डांबरगोळ्या पेरून ठेवलेल्या. नट मंडळी तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे डांबरमावशी. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नुसत्या मावश्या काय, गल्लीगल्लीत असतात.

तिचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. ती कामाला लागल्यापासून कपडेपटातल्या एकाही लोकरी कपड्याला कसर लागली नव्हती. दुसऱ्या कंपन्यांचे सेनापती पाठीला भोकं घेऊन लढाया जिंकत. आपला सेनापती कसा अखंड, असं ती ऐटीत सांगायची. कोणी वासाने नाक मुरडलं की म्हणायची, "कसरीला जे झोंबतं ते माणसाला थोडं झोंबणारच." तिला स्वतःला मात्र काहीच झोंबत नव्हतं. इतकी वर्षं त्या वासात काढल्यावर तिच्या नाकाने त्याची दखल घेणंच सोडून दिलं होतं.

तिला एकच मुलगी. नवरा लवकर गेला, तेव्हा पोरीला तिने कपडेपटातच वाढवलं, कधी राणीच्या मखमलीवर झोपवून, कधी प्रधानाचा फेटा उशाला देऊन. ती पोर मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं, आणि तिला मुलगा झाला तेव्हा मावशी आनंदाने नुसती फुलून गेली. लेकीच्या वेळचं मऊ लोकरी दुपटं तिने जपून ठेवलं होतं, अर्थात गोळ्या घालून. घडी मोडली, झटकलं आणि तशीच दवाखान्यात गेली. नातू त्यात गुंडाळला गेला तेव्हा तिला वाटलं, जपणं म्हणतात ते हे.

बाळ पिवळं पडलं. नव्या बाळांना थोडी कावीळ होतेच, असं आधी सगळे म्हणाले. पण ही उतरायचं नाव घेईना. बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त तपासलं, आणि मग बालरोगतज्ज्ञ बाई खोलीत आल्या. त्यांनी दुपट्याचा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, हे कुठे ठेवलेलं होतं?

मावशीने ऐटीत सांगितलं. सांगता सांगता तिची ऐट कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. डॉक्टरबाईंनी समजावलं, की या बाळाच्या रक्तात एक घटक जन्मतःच कमी आहे. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण डांबरगोळीची वाफ किंवा काही औषधं अशा बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि मग कावीळ चढते. बाळ आता सावरतंय, घाबरू नका. पण गोळ्यांतले कपडे त्याच्या अंगाला लावायचे नाहीत, नुसते झटकून तर मुळीच नाही. घरातून गोळ्या काढून टाका, सगळं धुवा, मोकळ्या हवेत वाळवा, आणि ज्याच्या कपड्यांना तो वास येतोय त्याने बाळाला मांडीवर घेऊ नये.

खोलीत सगळ्यांनी एकदम मावशीकडे बघितलं. बिचारा जावई तर बघून पटकन खिडकीकडे वळला.

लेक चिडली नाही, तेच मावशीला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "आई, आधी तो वास घालव. मग ये." मावशी बाकावरून उठली आणि बाळाला लांबूनच बघून निघाली. तिला रडू आलं ते जिन्यात, तेही कोणी बघत नाही याची खात्री करून.

दुसऱ्या दिवसापासून तिने वासाविरुद्ध आघाडी उघडली. घरातल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबून बाहेर काढल्या. कपडे धुतले, उन्हात टाकले, पुन्हा धुतले. केस इतक्यांदा धुतले की शेजारीण विचारू लागली, लग्नबिग्न ठरलंय का. पण मुख्य पंचाईत वेगळीच होती. वास गेला की नाही हे तिला स्वतःला कळायची सोय नव्हती. मग ती दिसेल त्याला हुंगायला लावू लागली. कंपनीच्या दरवानाला म्हणाली, जरा वास घे रे माझ्या बाहीचा. तो लाजून मागे सरकला आणि म्हणाला, मावशी, इथूनच येतोय. नाटकातल्या नायकाने नाटकी लांब श्वास घेतला आणि तसाच शिंकला. कंपनीचा शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो तेवढा खरं बोलला. म्हणाला, घरी कितीही धुवा, दिवसभर या खोलीत बसताय तोवर काय उपयोग. आधी ही खोली धुवा.

मास्तरचं म्हणणं तिला पटलं, पण मालकाला पटवायचं होतं. मालकाने कपाळाला हात लावला. कसर लागली तर सगळी लोकर नव्याने शिवायची का, असं विचारलं. मावशी म्हणाली, लागली तर मला घरी बसवा. तिच्या तोंडून हे ऐकून मालकाने होकार दिला.

कोणीतरी सांगितलं होतं, लवंग, कडुनिंबाचा पाला आणि कापूर. मावशीने तिन्ही आणली. पण घाईच नडली. पाला हिरवाच घातला, त्याला दमट वास सुटला आणि एका शालीवर हिरवट डाग पडला. गोळ्याही सगळ्या निघाल्या नव्हत्या. सेनापतीच्या कोटाच्या आतल्या खिशात दोन राहिल्या होत्या, आणि तिने त्याच खिशात कापराची पुडी सरकवली. पत्र्याखालच्या उकाड्यात कापूर आणि डांबरगोळी एकमेकांना चिकटली आणि दोघांचं मिळून पाणी झालं. खेळाच्या दिवशी कोट काढला तर छातीवर हा मोठा तेलकट डाग.

मालक दारात उभा, आणि पहिली घंटा व्हायची वेळ. मास्तरने डागाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि टोपलीतल्या रंगीत चिंधीचं एक भलंमोठं पदक कापून डागावर शिवून टाकलं. त्या संध्याकाळी सेनापती एक लढाई जास्त जिंकून रंगमंचावर आला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. सेनापतीचं काम करणाऱ्या नायकाने मात्र बढती मिळाल्याच्या थाटात मास्तरला सलाम ठोकला.

मग मावशी शहाणी झाली. एकेक पेटी रिकामी केली, एकेक खिसा उलटा केला, आणि शेवटची गोळी निघेपर्यंत कापराला हात लावला नाही. पेट्या कोरड्या फडक्याने पुसून दारं सताड उघडी ठेवली. कोट ब्रशने झाडून उन्हात टाकले, कारण मास्तरने सांगितलं होतं, की लवंग नि पाला कसरीला दूर ठेवतात, पण आत बसलेली अंडी काही मारत नाहीत. त्यात कसरीला नुसती लोकर नको असते, नटांच्या घामाचे आणि चहाचे डाग लागलेली लोकर हवी असते. तेव्हापासून खेळ संपला की धुण्याजोगं ते लगेच धुवायचं, बाकीचं पुसून वाळवायचं आणि मगच घडी. नटांनी पोशाखात चहा प्यायचा नाही, हा कायदाही तिने त्याच आठवड्यात केला. सगळे कुरकुरले. तिने कानाडोळा केला.

पाला सावलीत कुरकुरीत होईतो वाळवला. किंचित ठेचलेल्या लवंगा आणि पाला पातळ सुती पुरचुंडीत बांधून घड्यांमध्ये ठेवला. कापराच्या पुड्या कपड्याला न लागता वरच्या फळीला टांगल्या, दिव्यापासून लांब. वास ओसरला की पुरचुंड्या बदलायच्या आणि महिन्याला एकदा प्रत्येक कपडा उलगडून बघायचा. हे गोळ्यांपेक्षा चौपट काम होतं. पहिल्याच पाहणीत एका सैनिकाच्या बाहीला मटाराएवढं भोक सापडलं. तिने ते स्वतः मालकाला नेऊन दाखवलं. त्याने बाही उलटसुलट केली आणि म्हणाला, रफू करून घ्या. घरी बसवण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

घरी मात्र तिने कापूरही ठेवला नाही. डॉक्टरबाईंनी जाता जाता बजावलं होतं, की कापूर चुकून तान्ह्याच्या पोटात गेला तर झटके येतात, त्यामुळे रांगत्या पोराच्या घरात तोही वर्ज्य. लेकीसाठी तिने नुसत्या लवंगा नि पाल्याच्या पुरचुंड्या केल्या, त्याही कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीसाठी.

एके दिवशी दरवान तिच्या जवळून गेला आणि काही न बोलता गेला. ती थांबली, त्याला मागे बोलावलं. त्याने आज न लाजता बाही हुंगली आणि मान हलवली. मास्तरनेही हुंगली. म्हणाला, मसाल्याचा येतोय थोडा, दुसरं काही नाही. मावशीने कामावरून परस्पर लेकीचं घर गाठलं नाही. आधी घरी गेली, अंघोळ केली, नवा सुती पोशाख घातला आणि मग गेली.

लेकीने दार उघडलं. बाळ कडेवर होतं, गुटगुटीत, आणि पिवळेपणा केव्हाच गेलेला. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि हात मागे बांधले. "बघ हुंगून," म्हणाली. "मला काही कळत नाही."

लेक पुढे वाकली. आईच्या खांद्याला नाक लावलं, मग मानेला, मग केसांना. तिथेच थांबली. बराच वेळ झाला तरी ती केसांतून नाक काढेना. अजून येतोय की काय, तिने घाबरत विचारलं.

"नाही येत," लेक म्हणाली. "शाळेतून आले की दारातच कळायचं मला, तू घरी आहेस ते. आता कसं कळायचं गं?"

लेकीने डोळे पुसले, आईला हाताला धरून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळाने आजीकडे टकामका बघितलं, मग तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि जोरात श्वास घेतला.