आईच्या हातांची नोटीस

गावाकडच्या हातविणीच्या घोंगड्या ऑनलाइन विकायचं डोकं बायकोचं. दुष्काळात मेंढरं गेली, मागं आमच्या जमिनीशेजारी प्लॉट पडले, आणि मी शहरात क्रांती चौकाजवळच्या एका ऑफिसात चिकटलो. मेंढरं जायच्या आधी आईनं घरच्या लोकरीचं शेवटचं सूत काढलं. त्याची घोंगडी विणून आली, तेव्हा तिनं ती खाटेवर पसरून दोन्ही हातांनी सारखी केली. बायकोनं तेवढ्यात फोटो काढला. पुढं आई गेली, पण विक्रीच्या साइटवर आमच्या दुकानाच्या पानावर पहिला फोटो तोच राहिला. खाली मी लिहिलं होतं, ‘आमच्या आईनं हातानं काढलेलं सूत.’

एक दिवस त्याच साइटवर औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदाराच्या पानावर तोच फोटो दिसला. मजकूरही तोच, ‘आमच्या आईनं’सकट. घोंगडी मात्र मशीनची. आईच्या हाताखाली तसला माल विकला जाणं मला सहन होईना.

मी नोटीस लिहायला बसलो. दोन्ही पानांच्या लिंक, फोनमधला मूळ फोटो, सात दिवसांत फोटो आणि मजकूर काढावा, नाहीतर साइटकडं तक्रार करू, असं सगळं रीतसर. सुरुवात ‘आदरणीय बंधू’नं, शेवट ‘घरी सगळ्यांना नमस्कार’नं. मधे एक परिच्छेद आईवर. फोटोतले हात तिचेच, ते असे वापरलेले बघून जीव तुटतो, वगैरे.

बायकोनं वाचलं. “अहो, ही नोटीस हाय का लग्नपत्रिका? ते हाताचं खोडा. त्याला काय करायचंय तुमच्या आईचं?”

“माणूसच हाय की. समजंल.”

“व्हय, समजंल!”

समजलं त्याला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज एकदम गोड.

“काका, तुमचं काम केलं. बघून घ्या.”

पान उघडलं. फोटो तोच, मजकूर तोच. फोटोची वरची बाजू कापलेली. खाट होती, घोंगडी होती, हात नव्हते.

“अहो, फोटो काढायचा होता.”

“तुम्हीच लिहिलं ना, हात आईचे म्हणून? हात काढले. घोंगडी काय कोणाची पण असते, काका.”

मग साइटकडं तक्रार केली. तिथं आदरणीय बिदरणीय काही लागलं नाही. दोन लिंक आणि मूळ फोटो दिल्यावर त्याचं पान उतरलं. मी घरात जिंकल्यासारखा हिंडलो.

महिन्याभरानं त्याचं नवं पान आलं. मजकूर त्याचा, फोटो त्याचा, तक्रारीला जागा नाही. मशीनच्या घोंगडीवर कुण्या म्हातारीचे सुरकुतलेले हात टेकवलेले होते.

बायकोनं बराच वेळ बघितलं. “ह्या बाईला तरी कोणी सांगितलं असंल का, कशाला बसवलंय ते?”

हातांची किंमत त्याला मीच लिहून पाठवली होती, वर घरी सगळ्यांना नमस्कारही.